हृदयविकार नसलेल्यांच्या चिठ्ठीतील अ‍ॅस्पिरिन : राज्यातील फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर व जनरल प्रॅक्टिशनर मंडळी

सन्माननीय डॉक्टर मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांना कधी हार्ट अटॅक आलेला नाही, पक्षाघाताचा झटका आलेला नाही, ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला नाही आणि ज्यांची बायपासही झालेली नाही, अशा माणसांना केवळ सावधगिरी म्हणून वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनबद्दल हे पत्र आहे. मी एका जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण आपल्यापैकीच कोणीतरी पाठवलेले असतात आणि त्यांच्या फाइलमध्ये आपली, माझी व शहरातल्या तज्ज्ञांची अशा सगळ्यांच्याच चिठ्ठ्या एकावर एक लावलेल्या असतात. त्या चाळताना एक गोष्ट नेहमी दिसते. अ‍ॅस्पिरिन कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केले याची नोंद क्वचितच सापडते, आणि एकदा चिठ्ठीत शिरलेले अ‍ॅस्पिरिन पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत आपोआप उतरत राहते.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच लिहितो. ज्यांना वरीलपैकी एखादा आजार होऊन गेला आहे त्यांच्यासाठी अ‍ॅस्पिरिनचा फायदा निर्विवाद आहे, आणि हे पत्र वाचून अशा एकानेही गोळी बंद करू नये. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मनाने गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना स्त्रीरोगतज्ज्ञ जे अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन देतात तेही या चर्चेत नाही. छातीत कळ येऊन हार्ट अटॅकची शंका असताना सुमारे ३०० मिलिग्रॅमची साधी, कोटिंग नसलेली गोळी चावून खायला देण्याचा उपचारही वेगळा असून तो चालूच राहायला हवा.

आता एक रुग्ण पाहू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण तिच्यासारख्या बाया आपल्या सगळ्यांच्याच ओपीडीत येतात. वय ६७, मधुमेह बारा वर्षांपासून, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात, हृदयाची तक्रार कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन १२.१ होते. ती माझ्याकडे आली ती जिना चढताना दम लागतो म्हणून, आणि घरच्यांना अर्थातच हृदयाची शंका होती. ईसीजी ठीक होता, टूडी एकोही ठीक होता. हिमोग्लोबिन मात्र ८.४ होते आणि तांबड्या पेशी आकाराने बारीक, म्हणजे लोहाच्या कमतरतेचे चित्र. तिला आधीच कोणीतरी लोहाच्या गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, पण लोह कुठे जाते आहे हे कोणी पाहिलेले नव्हते. ‘कोणकोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारल्यावर तिने साखरेची, बीपीची आणि ‘चरबीची कॅप्सूल’ अशी यादी सांगितली. अ‍ॅस्पिरिन घेता का, या प्रश्नाला तिचे उत्तर ठाम ‘नाही’ असे होते.

पिशवीतली पाकिटे टेबलावर ओतली तेव्हा चरबीच्या कॅप्सूलच्या पाठीमागे बारीक अक्षरांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० आणि अ‍ॅस्पिरिन ७५ असे दोन घटक छापलेले निघाले. त्याच पिशवीत गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी होती. ती ‘फक्त दुखेल तेव्हा’ घ्यायची, आणि दुखत होते रोज. शौचाचा रंग विचारला तर काळा आहे म्हणाली, पण लोहाच्या गोळीने तसे होते हे तिला सांगितले गेले होते. लोहाने शौच काळपट होते हे खरे, मात्र ते बांधलेले, हिरवट छटेचे असते. पोटातल्या रक्ताने होणारे शौच डांबरासारखे चिकट असते, भांड्याला धरते आणि त्याची दुर्गंधी एकदा घेतली की विसरत नाही. तिने केलेले वर्णन दुसऱ्या प्रकारचे होते. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात दोन अल्सर दिसले आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी पॉझिटिव्ह आली. कॅप्सूल बदलून नुसती अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिली, असेक्लोफेनॅक बंद केले, जंतूंचा चौदा दिवसांचा कोर्स आणि आम्ल कमी करणारी गोळी दिली. पुढच्या महिन्यांत हिमोग्लोबिन हळूहळू वर आले. तिला रक्त द्यावे लागले नाही, हे तिचे नशीब.

या प्रसंगात एकाचा कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. कॅप्सूल लिहिणाऱ्याने मधुमेह, वय आणि कोलेस्टेरॉल पाहून एका दगडात दोन पक्षी मारले, दुखण्याची गोळी देणाऱ्याला कॅप्सूलमधले अ‍ॅस्पिरिन दिसले नाही, आणि लोह देणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. पण म्हणूनच हा धोका चिठ्ठीच्या पातळीवरच अडवावा लागतो, कारण पुढे तो कोणाच्याच नजरेत येत नाही.

अ‍ॅस्पिरिन जठराला इजा करते ती गोळी जठराच्या अस्तराला चिकटल्यामुळे, असा आपल्यातही एक समज आहे, आणि त्यातूनच ‘कोटिंगवाली गोळी आहे, पोटाला काही होणार नाही’ हे वाक्य आपण रुग्णाला सांगत आलो आहोत. अ‍ॅस्पिरिन कॉक्स-१ या एन्झाइमला कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवे एन्झाइम तयार करू शकत नाही, आणि म्हणून तिच्या सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात तिची चिकटण्याची ताकद कमीच राहते. हाच औषधाचा फायदा. पण जठराचे अस्तर ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे आम्लापासून सुरक्षित राहते तेही याच एन्झाइमच्या मदतीने बनते, आणि अ‍ॅस्पिरिन रक्तात पोचले की, गोळी लहान आतड्यात विरघळलेली असली तरीही, तिथले संरक्षण कमी होते. म्हणजे एकीकडे जखम होण्याची शक्यता वाढते आणि दुसरीकडे जखम झाल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो. कोटिंगने जळजळ कमी होत असेल, गंभीर रक्तस्राव टळतो असे दिसून आलेले नाही.

आता हिशोबाकडे येतो. आपल्या या रुग्णाला सर्वांत जवळची चाचणी म्हणजे ब्रिटनमधील असेंड. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यात मधुमेह असलेले पण हृदयविकार नसलेले १५,४८० लोक होते आणि त्यांतल्या निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, तर निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी सरासरी ७.४ वर्षे देण्यात आली. हार्ट अटॅक, पक्षाघात, तात्पुरता पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, यांपैकी काहीतरी होण्याचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ९.६ टक्के आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ८.५ टक्के होते. गंभीर रक्तस्राव निष्क्रिय गोळीवर ३.२ टक्के, तर अ‍ॅस्पिरिनवर ४.१ टक्के लोकांना झाला. एक हजार मधुमेहींनी सात वर्षे रोज न चुकता गोळी घेतली तर अकरा जणांचा झटका टळतो आणि नऊ जणांना गंभीर रक्तस्राव होतो, असा याचा अर्थ. उरलेल्या नऊशे ऐंशी जणांना ना फायदा, ना इजा.

अकरा आणि नऊ, म्हणजे पारडे किंचित फायद्याकडे झुकले, असे कोणी म्हणेल. मात्र हे आकडे कोणत्या लोकांचे आहेत ते पाहायला हवे. रक्तस्रावाची ठळक भीती असलेल्यांना अशा चाचणीत घेतच नाहीत. आपल्या ६७ वर्षांच्या बाईच्या बाबतीत अकरा हा आकडा फारसा वाढणार नाही, कारण तिचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि ती स्टॅटिन घेते आहे. नऊ हा आकडा मात्र वाढेल, कारण तिचे वय जास्त आहे, ती रोज दुखण्याची गोळी घेते आहे आणि तिच्या जठरात हेलिकोबॅक्टर आहे. हे तीन धोके एकमेकांत मिसळून अल्सरची शक्यता वाढवतात. तिच्या पारड्यात काय पडते हे सांगायला मग चाचणीची गरज उरत नाही. टळलेल्या अकरा घटनांत तात्पुरत्या पक्षाघाताचीही मोजदाद आहे आणि एकूण मृत्यूंच्या प्रमाणात या चाचणीत ठोस फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवावे.

वयाचा प्रश्न त्याच वर्षीच्या अ‍ॅस्प्री या चाचणीने बराचसा सोडवला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ लोक, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, सर्व हृदयविकार, स्मृतिभ्रंश आणि शारीरिक अपंगत्व नसलेले. सुमारे पावणेपाच वर्षांनंतर हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक नव्हता, आणि गंभीर रक्तस्राव अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी २.८ टक्क्यांना झाला होता. याच लोकांच्या पुढील विश्लेषणात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत रक्ताल्पता होण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळले. थेंबथेंब गळणारे रक्त चाचणीच्या ‘गंभीर’ या व्याख्येत बसत नाही, पण आमच्या ओपीडीत ते ‘अशक्तपणा आहे, टॉनिक द्या’ या रूपात येते, म्हणून मला हा आकडा त्या १ टक्क्याच्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने याच धर्तीवर आपली शिफारस बदलली. साठी ओलांडलेल्यांना प्राथमिक प्रतिबंधासाठी नव्याने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, आणि ४० ते ५९ वयात दहा वर्षांचा धोका १० टक्के किंवा अधिक असेल तरच रुग्णाशी बोलून निर्णय घ्यावा, असे त्यांनी सांगितले.

आपल्यापैकी ज्येष्ठांना वेगळे शिकवले गेले होते, आणि ते चुकीचे नव्हते. १९८९ मध्ये २२ हजार अमेरिकन पुरुष डॉक्टरांवरील चाचणीत एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने पहिल्या हार्ट अटॅकचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले होते. तो काळ स्टॅटिनच्या आधीचा होता आणि रक्तदाबावरील उपचारही आजच्या इतके कसोशीने होत नव्हते. मूळ धोका मोठा असला की कोणतेही औषध मोठे दिसते. आज तोच रुग्ण स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन येतो, आणि अ‍ॅस्पिरिनला टाळण्यासारखे थोडेच उरते. पोटाला होणारी इजा मात्र चाळीस वर्षांत कमी झालेली नाही.

यावर एक आक्षेप मला सहकाऱ्यांकडून हमखास ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. ‘या सगळ्या गोऱ्यांच्या चाचण्या आहेत. आपल्याकडे हृदयविकार पन्नाशीच्या आत येतो, मग आपण का थांबायचे?’ आपल्याकडे झटका लवकर येतो हे खरे. भारतीयांवरची माहितीही अगदीच नाही असे नाही. टिप्स-३ या २०२० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत हृदयविकार नसलेले, पण मध्यम धोका असलेले ५,७१३ लोक होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे भारतातले होते. रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, म्हणजे आपण लिहितो तीच मात्रा. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर प्रमुख घटनांचे प्रमाण ४.१ टक्के आणि निष्क्रिय गोळीवर ४.७ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाच्या कक्षेतच राहिला. स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांत मात्र घट स्पष्ट दिसली. जे लोक भारतीयांसाठी अ‍ॅस्पिरिनचा आग्रह धरतात ते या एकत्र निकालाचा आधार घेतात. माझे मत असे की त्या निकालातला बहुतांश वाटा आधीच्या दोन औषधांचा आहे. रक्तस्राव या चाचणीत फारसा वाढला नाही हे मी नाकारत नाही, पण ज्यांना आधी अल्सर किंवा रक्तस्राव झाला होता अशांना त्यात घेतलेले नव्हते, आणि आपल्या ओपीडीत अशी चाळणी कोणी लावत नाही.

मग पन्नाशीच्या खालचा किंवा आसपासचा, खरोखर जास्त धोक्याचा माणूस आला तर काय करायचे? समजा वय ५२, मधुमेह, तंबाखू आणि बिडी, वरचा रक्तदाब १५०, एलडीएल १५०. त्याचा पुढील दहा वर्षांतील धोका ठोकळमानाने १५ टक्के धरू. स्टॅटिनने एलडीएल चाळीसने कमी केले तर धोका साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो, वरचा रक्तदाब दहाने उतरला तर पुन्हा पाचव्या हिश्श्याने, म्हणजे १५ चे साडेनऊ झाले. एलडीएल त्याहून अधिक उतरले आणि बिडी सुटली तर तो सातपर्यंत येऊ शकतो. या सातवर अ‍ॅस्पिरिन आठव्या हिश्श्याएवढी घट करते असे धरले तर शंभरात एकालाही पुरते न पोचणारा फायदा होतो, आणि त्याच्या वयात रक्तस्रावाचे नुकसान शंभरात अर्ध्या ते एकाच्या घरात असते. बिडी सुटण्याआधी अ‍ॅस्पिरिन सुरू केले तर फायदा यापेक्षा मोठा दिसेल, पण त्या माणसाला ‘आता गोळी चालू आहे’ असे वाटून बिडी सुटायची राहते, हेही आपण पाहिलेले आहे. तरीही या वयात, पूर्वी अल्सर नाही, हिमोग्लोबिन चांगले, दुखण्याच्या गोळ्या नाहीत, आणि बाकीचे उपचार चालू असूनही धोका मोठाच राहतो, अशा एखाद्याला समजावून अ‍ॅस्पिरिन दिले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. कॅल्शियम स्कोअर करणे शक्य असेल आणि तो शंभरच्या वर आला तर बाजू थोडी बळकट होते. माझा विरोध आहे तो पन्नाशी झाली आणि साखर वाढली एवढ्यावरच लिहिल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पिरिनला.

आपल्याला विनंती आहे ती चार-दोन साध्या गोष्टींची. प्राथमिक प्रतिबंधासाठी स्टॅटिन हवे असेल तर नुसते स्टॅटिन लिहावे. एकत्र कॅप्सूल ही झटका येऊन गेलेल्यांची सोय आहे, ती सर्वांना दिली तर अ‍ॅस्पिरिन द्यायचे की नाही हा निर्णय घेतलाच जात नाही. अ‍ॅस्पिरिन लिहायचेच असेल तर त्याच्यासमोर ‘स्टेंटसाठी’, ‘पक्षाघातानंतर’ असे दोन शब्द मराठीत लिहावेत, म्हणजे पुढच्या डॉक्टरला ते बंद करता येते की नाही हे विचारावे लागणार नाही, आणि औषध दुकानदारालाही समजेल. जुनी चिठ्ठी पुढे चालवताना पाकिटे मागून स्वतः वाचावीत, कारण रुग्ण रंगाने आणि आकाराने औषध ओळखतो, घटकांनी नाही.

ज्यांच्या चिठ्ठीत अ‍ॅस्पिरिन आहे पण कारण सापडत नाही, त्यांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. आधी जुनी कागदपत्रे शोधून झटका, पक्षाघात, पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा अँजिओग्राफीत आढळलेला ब्लॉक यांपैकी काही नाही ना, हे नक्की करावे. शंका राहिली तर मूळ तज्ज्ञाला फोन करावा. एक फोन फार मोठी गोष्ट नाही, पण आपण तो करत नाही. काहीच कारण निघाले नाही आणि वय साठीच्या पुढचे असेल, किंवा कधी अल्सर झाला असेल, हिमोग्लोबिन घसरत असेल, किंवा रोज दुखण्याची गोळी लागत असेल, तर बंद करावे. त्यासाठी मात्रा हळूहळू कमी करण्याची गरज नाही, प्लेटलेट सात ते दहा दिवसांत नव्याने भरून येतात. बंद करताना रुग्णाला कारण सांगावे, नाहीतर तो चार दिवसांनी पलीकडच्या मेडिकलमधून तीच कॅप्सूल घेतो. घेण्यासारखे कारण असेल आणि पोटाचा धोकाही असेल, तर पँटोप्राझोलसारखी गोळी सोबत द्यावी आणि दुखण्यासाठी असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन यांऐवजी पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनला प्लेटलेटवर काम करण्यापासूनही अडवते, म्हणजे इजा दुप्पट आणि फायदा अर्धा.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून डेंग्यूबद्दलही लिहितो. तापाच्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन आणि दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत हे आपण सर्व जाणतो, पण ज्याच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आहे तो ती तापातही घेत राहतो आणि केसपेपरवर ती ‘चरबीची गोळी’ म्हणून नोंदवली जाते. डेंग्यूची शंका आली की आधी पाकिटे पाहावीत. प्राथमिक प्रतिबंधासाठी घेतलेले अ‍ॅस्पिरिन त्या दिवशीच थांबवावे. स्टेंटचा रुग्ण असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काही न करता हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून आणि प्लेटलेटचा आकडा पाहून निर्णय घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जिल्ह्याच्या गावचा एक फिजिशियन